जवळच्या मित्राला 'तुझ्या अंगाला वास येतो' हे सांगायचं की नाही?

दोन बीएचके
आम्ही कॉलेजपासूनचे मित्र, आता पुण्यात एकाच फ्लॅटमध्ये राहतो आणि एकाच बाइकवर ऑफिसला जातो. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्या अंगाला आंबूस वास येतो. रोज आंघोळ करतो, ते मी बघतो. तरी अकरा वाजेपर्यंत जवळ बसवत नाही. दाढी-केसही वाढवून ठेवलेत. परवा कँटीनमध्ये दोघीजणी ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या, त्याला पत्ताच नाही. पुढच्या महिन्यात त्याला क्लायंटकडे बसायचंय. स्वभावाने हळवा आहे. तोंडावर सांगू, की वाढदिवसाला डिओ देऊन मोकळा होऊ?

फटकळ
यात विचारायचं काय? "भाऊ, वास मारतोयस, नीट आंघोळ कर" असं चार मित्रांत हसत हसत सांगायचं. आमच्यात कुणीही कुणालाही सांगतं, तासाभराने सगळे एकत्र चहाला असतात. हे मनात ठेवून कुढत बसणं म्हणजे मैत्री नाही.

निशिगंध
चार मित्रांत? अजिबात नको. मी तर म्हणेन, सांगूच नये. माझ्या मावसबहिणीने तिच्या मैत्रिणीला तोंडाच्या वासाबद्दल अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं. मैत्रीण "बरं झालं सांगितलंस" म्हणाली आणि त्यानंतर हळदीकुंकवालाही आली नाही. डिओ द्या, सोबत एखादा चांगला शर्ट द्या. शहाण्याला समजतं.

ओपीडीतला
मी त्वचारोग बघतो. निशिगंध, इशारे समजत नाहीत त्याला साधं कारण आहे. सतत येणाऱ्या वासाची नाकाला थोड्या वेळात सवय होते आणि मग तो जाणवेनासा होतो. तुमच्या घरात उदबत्ती लावली की पाहुण्याला वास येतो, तुम्हाला नाही. या मित्राला डिओ दिलात तर तो "छान आहे" म्हणून आंबूस शर्टावर फवारेल, आणि दोन्ही वास मिळून काय होतं ते लोकल पकडणाऱ्यांना विचारा.

पण फटकळ, तुमचं वाक्यही इथे चुकतंय. धागाकर्त्याने लिहिलंय की तो रोज आंघोळ करतो. त्याला 'आंघोळ कर' म्हणणं म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा, आणि माणूस दुखावतो तो नेमका इथे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या एका प्रकारच्या ग्रंथींच्या घामावर त्वचेवरचे जंतू काम करतात, तेव्हा वास तयार होतो. आंघोळीनंतर दोन-तीन तासांत तो परत येत असेल आणि हे पावसाळ्यातच सुरू झालं असेल, तर माझा पहिला संशय कपड्यांवर. पॉलिएस्टरचे ऑफिस शर्ट, खोलीत दोरीवर दीड दिवस ओलसर राहिलेले. धुतल्यावर वास गेल्यासारखा वाटतो, अंगाची ऊब लागली की पुन्हा उठतो.

सांगण्याआधी एवढं बघा: तो आंघोळ करून टॉवेलवर बाहेर येतो तेव्हा वास येतो का, की शर्ट घातल्यावर तासाभराने? आणि दोरीवरच्या कोरड्या शर्टाची काख एकदा हुंगा.

फटकळ
म्हणजे आता मित्राच्या शर्टाचा पंचनामा करायचा. 😄

वि. ना.
रोज रात्री तुरटीचा खडा पाण्यात बुडवून काखेत फिरवावा. आंघोळीला उटणे घ्यावे. कांदा-लसूण कमी करावा. पंधरा दिवसांत तुमचा त्रास कमी होईल, मित्रही दूर जाणार नाही.

दोन बीएचके
काका, वास मला नाही येत. म्हणजे मलाच येतो, पण त्याचा येतो.

ओपीडीतला
काकांच्या तुरटीत तथ्य आहे, जंतूंवर तिचा थोडा परिणाम होतो. नुकत्याच दाढी केलेल्या किंवा सोललेल्या कातडीवर मात्र चुरचुरते. काखेतूनच वास असेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश दोन-तीन मिनिटं ठेवून धुवायचा. रंगीत टॉवेलला लागला तर पांढरे डाग पडतात. आणि घाम कमी करणारा रोल-ऑन, ज्याच्या घटकांत अॅल्युमिनियम असतं तो, रात्री कोरड्या काखेत लावायचा. सकाळी घामावर फासला तर फारसा चालत नाही. दुकानातले बरेचसे डिओ म्हणजे नुसतं अत्तर.

सुकटवाली
मला हा सगळा धागाच खटकतोय. मी किनाऱ्यावरच्या गावातली. हॉस्टेलला माझ्या रूममेटने असंच "प्रेमाने" बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुझ्या कपड्यांना वास येतो. डब्यात सुकट असायची, बस. त्यानंतर वर्षभर मी घरून काही आणलं नाही. आपल्याकडे 'वास येतो' हे कुणी कुणाला म्हणायचं आणि कुणाला म्हटलं जातं, त्याचा जुना हिशोब आहे. तो अन्नावरून जातो, वस्तीवरून जातो, जातीवरून जातो. ऐकणाऱ्याच्या कानात तो सगळा हिशोब एका वाक्यात वाजतो. सांगणाऱ्याला वाटतं आपण साबणाबद्दल बोलतोय.

निशिगंध
ताई, इथे तर घामाचा विषय आहे, खाण्याचा नाही.

सुकटवाली
माझ्या रूममेटलाही असंच वाटत होतं.

कागदोपत्री
मी एचआरमध्ये आहे. हे बोलणं माझ्या वाट्याला नेहमी येतं, कारण मॅनेजर मंडळी ते माझ्याकडे ढकलतात. सुकटवालींचा मुद्दा मी खिशात ठेवूनच आत जाते. खाणं, घर, गाव, 'तुमच्याकडे' यातलं अक्षर उच्चारायचं नाही. डब्याचा वास हा सांगायचा विषयच नाही, तो सहन करणाऱ्याचा प्रश्न आहे.

आता तुमच्यासाठी. तुम्ही मित्र आहात, त्यामुळे तुमचं काम माझ्यापेक्षा सोपंही आहे आणि अवघडही. दोघंच असताना सांगायचं, पण बाइकवर नाही, कारण तिथून त्याला उठून जाता येत नाही. ऑफिसला निघतानाही नाही, नाहीतर तो दिवसभर हात अंगाशी चिकटवून बसेल. संध्याकाळी घरी, जेवणं झाल्यावर, जेव्हा तो आपल्या खोलीत जाऊ शकतो. वाक्यं दोन-तीनच: "एक अवघड गोष्ट सांगतो. तुझ्या अंगाला गेले काही दिवस घामाचा वास येतो, तुला जाणवत नसणार. मला कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं म्हणून सांगतोय." आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात जड जातं. लोक त्या शांततेला घाबरून "तसं फार नाही रे", "कधी कधीच" असं बोलत सुटतात आणि सांगितलेलं पुसून टाकतात.

'ऑफिसात सगळे म्हणतात' हे काही झालं तरी म्हणायचं नाही. कँटीनमधल्या दोघींची गोष्ट तर अजिबात नाही. ती ऐकली की तो वास विसरेल आणि त्या दोघी कोण हे शोधत बसेल.

ओपीडीतला
बाकी सगळं मान्य. फक्त मी कपड्यांचं कारण त्याच वाक्यात जोडेन. "बहुतेक आपले कपडे नीट वाळत नाहीयेत, त्याचा असेल." त्याच्या हातात लगेच काहीतरी करण्यासारखं येतं, आणि दोष शरीराचा न राहता दोरीचा होतो.

कागदोपत्री
डॉक्टर, इथेच माझं तुमच्याशी जमत नाही. समजा कारण कपडे नसले? तो नवे सुती शर्ट घेईल, वास तसाच राहील, आणि तुम्हाला दुसऱ्यांदा सांगावं लागेल. पहिल्यांदा सांगितलेलं माणूस पचवतो, दुसऱ्यांदा सांगितलं की तो तुटतो. कारण त्यालाच विचारू द्या. विचारलं तर सांगा.

ओपीडीतला
न विचारणारेच जास्त असतात. लाजेने मान हलवतात आणि दिवसातून चार वेळा साबण लावून कातडी सोलून घेतात. असे पेशंट माझ्याकडे येतात.

दोन बीएचके
काल बघितलं. टॉवेलवर होता तेव्हा काही नाही. शर्ट घालून तासाभरात सुरू. दोरीवरचा शर्ट कोरडा होता, तरी काखेत आंबट. मशीन समोरून उघडणारं आहे, दाराच्या रबराच्या घडीत काळा चिकट थर दिसला. आम्ही दार कायम बंद ठेवतो.

पण अजून एक लिहायचं राहिलं होतं. एप्रिलमध्ये त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. दाढी, केस, नखं सगळं तेव्हापासून. शनिवार-रविवार अंथरुणातच. कपडे मशीनमध्ये लावतो आणि काढायचे विसरतो, रात्रभर आतच राहतात.

फटकळ
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना राव. चार मित्रांतलं माझं वाक्य मागे घेतो.

ओपीडीतला
मग क्रम बदलतो. माणूस स्वतःकडे बघायचा थांबतो तेव्हा वास हा शेवटचा दिसणारा भाग असतो. आधी झोप, जेवण, कशात मन लागतं का, हे विचारा. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत घेऊन जा. जीव नकोसा झाल्यासारखं काही बोलला तर मग वाट बघायची नाही, त्याला एकटंही सोडायचं नाही. औषधं सुरू झाली तर काहींनी घाम वाढतो, तेही त्या डॉक्टरांना सांगायचं.

निशिगंध
म्हणजे मी म्हणत होते तेच. अशा माणसाला वासाचं सांगूच नये.

कागदोपत्री
नाही हो. मूड विचारा आणि वासही सांगा, पण एकाच संध्याकाळी नको. "तू बरा आहेस ना" विचारून लगेच "आणि वास येतो" म्हटलंत तर पहिला प्रश्न खोटा ठरतो. त्याला वाटेल काळजीची सगळी प्रस्तावना वासासाठीच होती.

फटकळ
आणि तोवर बाइकवर मागे बसून नाक दाबायचं? क्लायंट पुढच्या महिन्यात आहे. मी असतो तर आज रात्री मशीन साफ करून दोघांचे कपडे मीच लावले असते. बोलणं होईल तेव्हा होईल.

ओपीडीतला
यावेळी फटकळ बरोबर आहेत. रबराची घडी पुसून काढा, मशीन रिकामं सगळ्यात गरम सायकलवर चालवा, नंतर दार उघडं ठेवा. शर्ट उलटे करून काखेला डिटर्जंट चोळून अर्धा तास ठेवा. ज्यांच्या लेबलवर चालतं ते साठ अंशांवर धुवा. सॉफ्टनर नको, पॉलिएस्टरवर त्याचा थर बसतो आणि त्यात वास अडकतो. धुणं संपलं की लगेच बाहेर, पंख्याखाली, दोन कपड्यांमध्ये वीतभर जागा सोडून.

सुकटवाली
न सांगता त्याचे कपडे धुणं हा सांगण्याचाच एक प्रकार आहे. त्याला कळेल. फक्त उत्तर द्यायची सोय नसेल.

दोन बीएचके
मशीन आज साफ करतो, ते दोघांचं आहे. कपड्यांचं त्याला विचारून. त्याच्याशी शनिवारी बोलतो, आधी लग्नाचं. वासाचं पुढच्या आठवड्यात. पण आता एक वेगळीच शंका. मशीन तेच, दोरी तीच, शर्ट माझेही पॉलिएस्टरचेच. मग माझ्या कपड्यांना...?

ओपीडीतला
तुमच्या नाकावर विसंबू नका. त्याला विचारा.

कागदोपत्री
विचारा, पण त्याच्या वासाचं सांगण्याची पायरी म्हणून नको. तो भिडेखातर "नाही रे" म्हणेल आणि तुमचं पुढचं वाक्य घशातच राहील.

फटकळ
किंवा "हो" म्हणेल.