विषय: हॉलमधल्या वाचनालयाचं नाव

मंडळी,
मागच्या खोलीत दोन कपाटं लागली. एक आजीआजोबांना न वाकता हात पोचेल असं, दुसरं पोरांच्या उंचीचं. पाटीसाठी नाव रविवारपर्यंत कौन्सिलला द्यायचंय. पाटीवर इंग्रजी अक्षरं मोठी, मराठी खाली. सध्या ‘ज्ञानगंगा मराठी ग्रंथालय’ पुढे आहे.
मेधा

मेधा,
ज्ञानगंगा मी काल मराठी वर्गातल्या पोरांना इंग्रजीत लिहून दाखवलं. डी-एन-वाय पाहून सगळी ‘डन्यान’वर अडली. जी-वाय लिहिलं तर तात्या म्हणणार, हे हिंदी झालं! ज्ञ आणि ळ नसलेलं नाव घ्या. शिवाय लांब नावाचे लोक तुकडे पाडतातच. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला सगळं गाव ‘सावाना’च म्हणतं.
सुलभा

‘वाचनकट्टा’ घ्या की. आणि वाचनालय म्हणजे फक्त पेपर वाचायची जागा. पुस्तकं घरी द्यायची तर ग्रंथालयच म्हणावं लागतं.
निखिल

निखिल, पेपर वाचायच्या खोलीलाही वाचनालय म्हणतात, तेवढं बरोबर. पण नाशिकचं वाचनालय 1840 चं, आणि तिथून पुस्तकं घरी नेतात. कट्ट्याचं म्हणशील, तर शेजारच्या हिंदी मंडळींना आधी गावठी पिस्तूल आठवेल.
माझं मत ‘ओसरी’ला. आमच्याकडे आजोबा तिथेच पानाचा डबा घेऊन बसायचे आणि आम्ही पायरीवर पाढे म्हणायचो. पोरांनी वाचून पाहिलं. दोघं ‘ओसारी’ म्हणाली, पण अडलं कुणी नाही. फोनवर ‘ओसरीवर या’ म्हटलं की आजींनाही कळतं.
सुलभा

आम्ही कोकणातले, आमच्याकडे ओटी. पण ओटी म्हटलं की बायका नारळ घेऊन येतील, तेव्हा ओसरी चालेल. माझा मुद्दा वेगळाच आहे. वडिलांचे दोनशे दिवाळी अंक देतो, वाचनालयाला त्यांचं नाव द्या.
तात्या

तात्या, अंक हवेतच. पण आज तुमचे वडील, उद्या दुसऱ्या कुणी पुस्तकं दिली की त्यांचे. पाटी किती वेळा बदलायची? कपाटावर नाव लावता येईल.
आणि सुलभाताई, बॅडमिंटनवाल्यांना ‘भटाला दिली ओसरी’ ऐकवायची आयती संधी दिलीत. आधीच एका कपाटाची दोन झालीत!
निखिल

झालीत खरी. ओसरी कळवते, खाली बारीक अक्षरात ‘मराठी वाचनालय’. नुसतं ओसरी वाचून नव्या माणसाला आत पुस्तकं आहेत हे कळायचं नाही. कपाटावरच्या नावावरून समितीत दोन विरुद्ध दोन आहेत, ते पुढच्या बैठकीत. तात्या, अंक एकदम आणू नका, वीस-वीस आणा. वरच्या फळीचे स्क्रू अजून बसायचेत.
मेधा