मदत हवी आहे: जुन्या मोटरसायकलसाठी आई-बाबांना पत्र लिहितोय, मसुदा बघून सांगा

प्रवराकाठ
नमस्कार. जरा लवकर मदत हवी आहे, गाडीवाला रविवारपर्यंतच थांबणार आहे. कॉलेजला जायला साधी सेकंडहँड मोटरसायकल घ्यायची आहे. विषय काढला की बाबा उठून शेतावर जातात, म्हणून पत्र लिहायचं ठरवलं. मसुदा असा:

"तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. एसटीत माझा फार वेळ जातो. वर्गातल्या सगळ्यांकडे गाड्या आहेत. गाडी घेतली तर प्रवासखर्चात बचतच होईल. मी जपून चालवीन, काळजी नसावी."

अजून काय घालू म्हणजे ते हो म्हणतील?

स्वप्नजा
कुठून कुठे जातोस? वय किती? लायसन्स आहे का? पैसे कोण देणार? आणि बाबा उठून का जातात, ते तर तू लिहिलंच नाहीस. "सगळ्यांकडे आहे" हे वाक्य मात्र आत्ताच खोड. माझ्या मुलाने हेच म्हटलं होतं आणि मी पुढचं काही ऐकलंच नाही.

सह्यकडा
साधी गाडी घेऊच नकोस भावा. १०० सीसीला ओव्हरटेक करताना दम लागतो. मी पहिलीच १५० सीसी घेतली, महाबळेश्वरला डबलसीट जाऊन आलो, काही त्रास नाही. बजेट थोडं वाढव.

स्वप्नजा
अहो, त्याला रोज कॉलेजला जायचंय, महाबळेश्वरला नाही.

प्रवराकाठ
सांगतो. गाव अकोले तालुक्यात, कॉलेज संगमनेरला, एका बाजूने २४ किलोमीटर. वय १९. शिकाऊ लायसन्स काढलंय. गाडी २०१६ ची, १०० सीसी, ३२ हजार म्हणतोय. १८ हजार माझे आहेत, सुट्टीत कांद्याच्या चाळीवर काम केलं होतं. उरलेले बाबांकडे मागायचे आहेत. प्रॅक्टिकल संपेपर्यंत संध्याकाळची गाडी निघून जाते, पुढच्या गाडीने घरी यायला रात्र होते.

घाटमाथा
एसटी सोडू नकोस. पास काढ आणि बसमध्ये अभ्यास कर. आम्ही तसंच शिकलो.

गॅरेज_नाशिक
मुला, "बचत होईल" हे आधी काढ. हिशोब घाल. रोजचे ४८ किलोमीटर, महिन्याला २४ दिवस धरले तर साडेअकराशे किलोमीटर होतात. जुनी १०० सीसी लिटरला ५० देते असं धर, म्हणजे २३ लिटर. १०५ च्या भावाने जवळजवळ चोवीसशे रुपये नुसतं पेट्रोल. त्यात ऑइल, चेनस्प्रॉकेट, टायर आलं. एसटीच्या विद्यार्थी पासात भाड्याची दोन तृतीयांश सवलत मिळते, तिच्यापुढे गाडी कधीच स्वस्त पडत नाही. शेतकरी माणूस हा हिशोब बांधावर उभ्याउभ्या करतो. एक आकडा खोटा निघाला की बाकीचं पत्र वाया.

खरं लिही: गाडी महाग पडेल, मिळणार आहेत ते संध्याकाळचे तास. जास्तीचे पैसे कुठून आणशील तेही लिही.

आता सांग, गाडी कोणाच्या नावावर आहे?

प्रवराकाठ
मूळ मालकाच्या. त्याने एकाला विकली, त्याच्याकडून हा विकतोय. नाव नंतर करून देतो म्हणाला.

आबा_पाटील
काही होत नाही. आमच्याकडे निम्म्या गाड्या अशाच फिरतात. नाहीतर वडिलांच्या नावावर कर, म्हणजे त्यांना वाटेल गाडी आपलीच आहे आणि विम्याचंही टेन्शन नाही.

गॅरेज_नाशिक
आबा, वडिलांच्या नावाने त्यांना बरं वाटेल हे खरं, पण विम्याचं अर्धंच सांगितलंत. थर्ड पार्टीत समोरच्याचं नुकसान भरून निघतं. चालवणाऱ्यासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं, ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच, तोच चालवत असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तर मिळतं. वडिलांच्या नावावर गाडी आणि पोरगा पडला, तर त्या कव्हरमधून पोराला काही मिळत नाही. तिसऱ्याच माणसाच्या नावावर असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून १९ वर्षांच्या मुलाने गाडी स्वतःच्या नावावर घ्यावी.

आणि "नंतर करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही लागते, मधल्याची चालत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ पण हवा. मूळ मालक समोर आला, सह्या झाल्या, चासीवरचा नंबर आरसीशी जुळला, की मग पैसे. नाव झाल्यावर विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा. २०१६ ची गाडी आहे, म्हणजे एचएसआरपी पाटी बसली आहे का तेही बघ, नसेल तर तो खर्च तुझ्या माथी.

सह्यकडा
इतकं कोण बघतं? गाडी बघायची असेल तर सकाळी थंड इंजिनवर किक मार, निळा धूर आला तर सोडून दे.

गॅरेज_नाशिक
हे बरोबर सांगितलंस. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली नसेल ना, तेही इंजिनाला हात लावून बघायचं.

स्वप्नजा
कागदांचं झालं. पण बाबा उठून का जातात?

प्रवराकाठ
चुलतभाऊ गेला होता गाडीवर. रात्री, उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. बाबाच त्याला दवाखान्यात घेऊन गेले होते.

स्वप्नजा
मग पत्र यावरच लिही रे. तुझ्या वेळेबद्दल त्यांची तक्रारच नाहीये. त्यांना अंधारातली ती ट्रॉली दिसते, आणि "जपून चालवीन" याने ती जात नाही. अंधारात गाडी रस्त्यावर नसेल, असं काहीतरी त्यांच्या हातात दे.

घाटमाथा
मी तरी दादाचं नाव पत्रात काढणार नाही. घरातली जखम कागदावर कशाला? नियम लिहावेत, कारण त्यांना कळतंच.

स्वप्नजा
न लिहिलं तर मुलाला कळलंच नाही असं वाटेल त्यांना.

प्रवराकाठ
दोन्ही पटतंय. काल रात्री पुन्हा लिहिलं. "शिरसाष्टांग" आईला आवडतं म्हणून ठेवलंय.

"तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. बाबा, दादाच्या वेळी तुम्ही काय पाहिलंत ते मला माहीत आहे, म्हणून आधी तेवढंच लिहितो. उसाचा हंगाम सुरू झाला की दिवस मावळल्यावर मी गाडी रस्त्यावर आणणार नाही. प्रॅक्टिकल लांबलं तर गाडी संगमनेरला मावशीच्या ओट्यावर लावीन आणि एसटीने येईन. त्या महिन्यांत पास चालू ठेवीन. पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत गाडी घराच्या पडवीत राहील. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, माझ्या पैशांनी, गाडीच्या आधी आणीन.

गाडी एसटीपेक्षा महाग पडेल. पेट्रोलचे महिन्याला चोवीसशे होतील. त्यातले हजार मी रविवारी दूध संकलन केंद्रावर काम करून देईन, बाकीचे तुम्हाला जड जातील हे मला ठाऊक आहे. मला संध्याकाळचे दोन तास मिळतील आणि म्हशींची धार आईला एकटीला काढावी लागणार नाही.

गाडी तुम्ही स्वतः बघा. मूळ मालकाची सही झाल्याशिवाय मी एक रुपया देणार नाही. नको म्हणालात तर का नको एवढं माझ्याशी बसून बोला."

स्वप्नजा
शेवटची ओळ ठेव. एक विचारते, सकाळी धुकं असतं तेव्हा काय? थंडीत सातला निघालास तरी ट्रॉल्या असतातच.

प्रवराकाठ
हे सुचलं नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळीही एसटी लिहू का? मग गाडी घेऊन उपयोग किती राहतो, तेच कळत नाहीये.

घाटमाथा
तेच तर म्हणत होतो.

गॅरेज_नाशिक
धुकं रोज नसतं. "पुलावरून पलीकडची झाडं दिसली नाहीत तर एसटी" असं लिही, बाबांनाही पटेल. आणि रविवारची घाई सोड. फोन करून एवढंच विचार, मूळ मालक येणार का.

प्रवराकाठ
केला फोन. तो पुण्याला राहतो, यायला बघतो म्हणाला, नक्की नाही. ही गाडी सोडतोय बहुतेक. पत्र मात्र आज संध्याकाळी आईच्या हातात देतो, आधी ती वाचेल. एमएच १७ पासिंगची, पहिल्याच मालकाकडे असलेली १०० सीसी कोणाच्या माहितीत असेल तर इथेच कळवा.