मदत हवी आहे: मनीचे डोळे हल्ली जास्तच चमकतात, पण अंधारात ती धडपडते. असं कसं?

पडवीतून

नमस्कार मंडळी. आमचं घर चिपळूणजवळच्या एका वाडीत. पावसाळ्यात लाईट गेले की दोन-दोन तास येत नाहीत. घरात दोन मांजरं आहेत. मनी अकरा वर्षांची आणि बंड्या बोका दोन वर्षांचा. लाईट गेल्यावर आम्ही माणसं भिंती चाचपत असतो, तेव्हा बंड्या माजघरातून उडी मारून फळीवर, तिथून माळ्यावर. एक भांडं पडत नाही.

मनीही अशीच होती. पण गेल्या तीन-चार महिन्यांत ती अंधारात पाटाला धडकते आणि उंबरठ्याला अडखळते. दिवसा बरी वाटते. गंमत म्हणजे (गंमत कसली) तिचे डोळे आता पूर्वीपेक्षा जास्त चमकतात. बंड्याचे डोळे बॅटरी मारली तरच चमकतात, हिचे तर ट्यूबलाईटमध्येही हिरवे दिसतात.

मुलगी आठवीत आहे. ती म्हणते, मांजराच्या डोळ्यात मागे आरसा असतो, म्हणून त्यांना अंधारात दिसतं, शाळेत सांगितलंय. मग आरसा जास्त चमकतोय तर दिसायलाही जास्त हवं ना? आणि आपल्या डोळ्यात तो आरसा का नाही? कोणाला माहिती असेल तर सांगा.

रेडियमराव

ताई, सोपं आहे. मांजराचे डोळे दिवसा उजेड साठवतात आणि रात्री सोडतात, आपल्या गाडीच्या रेडियम स्टिकरसारखे. त्या उजेडात त्यांना दिसतं. मनीचं वय झालंय, साठवण जास्त आणि वापर कमी, म्हणून चमक वाढली असेल.

चष्मिस

राव, रेडियम नाही. पूर्ण अंधाऱ्या खोलीत मांजर कोंडून फटीतून बघा, काही चमकत नाही. बाहेरून उजेड गेला तरच परत येतो. एक करून बघा. बॅटरी कपाळाला टेकवून बंड्याकडे रोखा, डोळे दिव्यासारखे पेटतील. मग तीच बॅटरी हात लांब करून बाजूने मारा. चमक जवळजवळ गायब. कारण उजेड ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने परत फिरतो, आणि ती वाट तुमच्या डोळ्याजवळून गेली तरच तुम्हाला दिसतो.

घाटातले कॅट आय असेच. इंग्लंडात पर्सी शॉ नावाच्या माणसाने 1934 मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. तेही स्वतः पेटत नाहीत, आपल्याच हेडलाईटचा उजेड आपल्याकडे परत पाठवतात.

रेडियमराव

करून पाहिलं. खरंय. बायको विचारत होती, कपाळाला बॅटरी लावून मांजरामागे का फिरताय. पण मुलीचा प्रश्न राहिलाच की. चमक जास्त म्हणजे नजर जास्त, हे तरी बरोबर ना?

गोठ्यातली डॉक्टर

नाही, तेही नाही. मी पशुवैद्य आहे, मुख्यतः गाई-म्हशींची, पण मांजरंही येतात. सावकाश सांगते.

डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, तो उजेड टिपतो. पण तो पातळ असतो, सगळा उजेड त्याच्या हाती लागत नाही. समजा शंभर किरण आले आणि पडद्याने त्यातले तीस टिपले. उरलेले सत्तर आरपार गेले. माणसाच्या डोळ्यात पडद्यामागे काळं अस्तर आहे. ते सत्तरच्या सत्तर गिळून टाकतं, विषय संपला. मांजरात पडद्यामागच्या मोठ्या भागात ते अस्तर काळं नसतं, आणि त्याच्या मागे टॅपेटम नावाचा चकाकता थर असतो. त्याने सत्तरातले बरेचसे परत फिरवले की पडद्याला दुसरी संधी मिळते, आणि अजून पंधरा-वीस टिपले जातात. तिसाचे पन्नासच्या आत-बाहेर झाले. म्हणजे या थराची कमाई साधारण दीडपट, त्याहून फार नाही.

आता बघा, डोळ्याबाहेर येऊन आपल्याला जे चमकताना दिसतं ते काय आहे? दोन्ही खेपांना पडद्याच्या हातून निसटलेला उजेड. मांजराच्या उपयोगी न पडलेला. म्हणून चमक वाढली तर मला आनंद होत नाही, शंका येते.

ताई, दोन गोष्टी करून सांगा. एक, मंद खोलीत मनीच्या डोळ्यावर बॅटरी मारल्यावर बाहुली बारीक होऊन उभी रेघ होते का? बंड्याशी ताडून बघा. दुसरी, दिवसा तिच्यासमोर थोड्या उंचीवरून कापसाचा बोळा सोडा. आवाज होत नाही, वासही नाही, त्यामुळे नजर असेल तरच मान फिरते. हेच नंतर मंद उजेडात करा.

नागपूरकर काका

मलाही हाच त्रास आहे. रात्री गाडी चालवताना समोरून लाईट आला की काही दिसत नाही. गाजर खातो, फरक नाही. मांजरांचं हे औषध माणसाला चालतं का?

चष्मिस

काका, इथे औषधाचं कोणी बोललेलं नाही! तुम्ही मोतीबिंदू तपासून घ्या आधी. आणि तपासणी होईपर्यंत रात्रीची गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

धुळ्याची धुरा

माझ्याकडे पांढरी मांजर आहे, एक डोळा निळा, एक पिवळा. फ्लॅश मारून फोटो काढला तर पिवळा डोळा हिरवा येतो आणि निळा डोळा लालभडक, माणसाचा येतो तसा. निळ्या बाजूला हा थर नसतो का? मग त्या डोळ्याने तिला अंधारात कमी दिसतं का?

गोठ्यातली डॉक्टर

अगदी शक्य आहे. ज्या पांढऱ्या मांजरात रंगाच्या पेशी डोळ्यापर्यंत पोचत नाहीत, तिथे टॅपेटमही नसतो किंवा अगदी विरळ असतो. मग मागच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग परत येतो. माणसाच्या फोटोतले लाल डोळे तेच. सयामी मांजरांतही हे दिसतं. तिला त्या डोळ्याने किती कमी दिसतं ते घरी मोजायला सोपं नाही, दुसरा डोळा सांभाळून घेतो.

रेडियमराव

डॉक्टर, थर फक्त दीडपट देतो म्हणता, मग मांजर आपल्यापेक्षा सहा पट कमी उजेडात बघतं असं मी वाचलंय ते खोटं का?

चष्मिस

खोटं नाही, हिशोब पुरा करायचा राहिला. मांजराची बाहुली पूर्ण उघडली की 14 मिलिमीटरपर्यंत जाते, आपली जेमतेम 8. व्यास पावणेदोन पट, म्हणजे खिडकीचं क्षेत्रफळ तिप्पट. त्यात डोळा आपल्यापेक्षा आखूड, त्यामुळे पडद्यावरचं चित्र लहान आणि म्हणून उजळ. दीडपट टॅपेटमचे. सगळं गुणून सहाच्या आसपास पोचायला हरकत नाही. लोक सगळं श्रेय आरशाला देतात, खरं काम खिडकी करते.

आणि मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. परत फिरलेला किरण नेमका त्याच पेशीवर येईल असं नाही, शेजारच्या पेशीवरही पडतो. चित्र थोडं फेसाळतं. आपलं काळं अस्तर उजेड वाया घालवतं, पण चित्र स्वच्छ ठेवतं. जे आपण शंभर फुटांवरून ओळखतो ते ओळखायला मांजराला वीसेक फुटांपर्यंत यावं लागतं. त्याला सगळा दोष आरशाचा नाही, त्यांच्या पडद्यात बऱ्याच पेशींची वर्गणी एकत्र करून एक निरोप पाठवतात, हेही आहे. आपण दिवसा फळं शोधणाऱ्यांच्या वंशातले, त्यांना पहाटे-संध्याकाळी हललेला उंदीर दिसला की पुरे.

पडवीतून

मंडळी, आभार. मुलीने सगळं वहीत उतरवलं. दोन्ही प्रयोग केले. बंड्याची बाहुली लगेच रेघ झाली. मनीची जरा आकसली, पण मोठी गोलच राहिली. कापसाचा बोळा दिवसा अंगणात तिने पाहिला, उशिरा पण पाहिला. संध्याकाळी माजघरात अजिबात नाही.

गोठ्यातली डॉक्टर

मग थांबू नका, रक्तदाब मोजणारा आणि डोळ्याचा मागचा पडदा बघणारा डॉक्टर गाठा. म्हाताऱ्या मांजरात रक्तदाब वाढला की पडदा सुटतो आणि एका रात्रीत आंधळेपणा येऊ शकतो, तिथे दिवस महत्त्वाचे असतात. तुमचं हळूहळू झालंय, म्हणून माझी पहिली शंका पडदा झिजण्याची आहे. पडदा पातळ झाला की उजेड टिपणारं कमी, मागे थर तसाच. म्हणून चमक वाढते. त्यात बाहुली उघडीच, म्हणून ट्यूबलाईटमध्येही दिसते.

एक विचारते. खायला काय देता?

पडवीतून

आमचं माळकरी घर. दूधभात, दूधपोळी, कधी तूप. पण ती उंदीर पकडायची हो, अगदी रोज. गेली तीन वर्षं बसूनच असते. बंड्या अजून पकडतो.

गोठ्यातली डॉक्टर

तो उंदीरच तिचं औषध होता म्हणा. मांजराच्या शरीरात टॉरीन नावाचं पोषकद्रव्य पुरेसं बनत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. दूधभातात ते जवळजवळ नसतं. टॉरीन नसेल तर मांजराचा पडदा झिजतो, हे 1975 पासून माहीत आहे. जे मासे देतात त्यांच्यासाठी: उकडून पाणी ओतून टाकलं तर टॉरीन पाण्याबरोबर जातं, ते पाणीही द्या. पण मनीला हेच झालंय असं नुसत्या वर्णनावरून मी म्हणणार नाही. काही मांजरांत हा झिजण्याचा आजार जन्मजातही असतो.

रेडियमराव

थराला पण काही जीवनसत्त्व लागतं ना? बी कॉम्प्लेक्स देऊन थर सुधारत नाही का?

गोठ्यातली डॉक्टर

अर्धं बरोबर आहे तुमचं. मांजराच्या टॅपेटममध्ये रायबोफ्लेविन आणि जस्त भरपूर असतं. रायबोफ्लेविन म्हणजे बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळी करतं तेच. पण मनीचा थर ठणठणीत आहे, पुढचा पडदा गेलाय. आरसा घासून काय उपयोग?

पडवीतून

दहा दिवसांनी लिहितेय. रत्नागिरीला नेलं. रक्तदाब 150, डॉक्टर म्हणाले तो ठीक आहे. मागचा पडदा दोन्ही डोळ्यांत सारखाच जास्त चकाकतो आणि त्यावरच्या रक्तवाहिन्या बारीक झाल्यात. झिजलंय ते परत येत नाही, उरलेलं टिकवता येईल असं म्हणाले. कारण आहार की जन्मजात, ते नक्की सांगता येत नाही. हृदयही तपासायला सांगितलंय, टॉरीनअभावी तेही बिघडतं म्हणे. मांजरांचं तयार खाणं आणि टॉरीन चालू केलंय, दोघांनाही. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, मग स्वतःच वाटी वेगळी काढून दिली. पाट आता जागचे हलवत नाही आणि रात्री माजघरात झिरोचा दिवा ठेवतो. लाईट गेले की मनी भिंतीला मिशा लावून चालते.

एक विचारायचं राहिलं. बंड्याच्या डोळ्यांचा दर महिन्याला फ्लॅशने फोटो काढून ठेवला तर त्याचं बिघडतंय का ते कळेल का?

चष्मिस

कोन जरा बदलला तरी चमक बदलते, बाहुली किती उघडी आहे त्यावरही. मला नाही वाटत भरवसा धरता येईल.

गोठ्यातली डॉक्टर

फोटो काढा, पण विश्वास कापसाच्या बोळ्यावर ठेवा. मंद उजेडात, दर महिन्याला.

धुळ्याची धुरा

डॉक्टर, माझ्या मांजरीचा निळ्या बाजूचा कानही ऐकत नाही असं वाटतंय. वेगळा धागा काढू का?