‘ब्लॅक चॅनेल’मधला काळा रंग कशाचा?

अनुवादिका: पॅकेजिंग मशीनचं एक मॅन्युअल मराठीत करते आहे. त्यात म्हटलंय की ई-स्टॉपचा, म्हणजे मशीन तातडीने थांबवायच्या बटणाचा, सिग्नल साध्या प्रोफिनेट नेटवर्कवरूनच, म्हणजे कारखान्यातल्या इथरनेटवरूनच, सेफ्टी सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडे, सेफ्टी पीएलसीकडे जातो आणि या नेटवर्कला ‘ब्लॅक चॅनेल’ मानलं आहे. ‘काळी वाहिनी’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काळा बाजार, काळी यादी आठवणार. शिवाय त्याच पानावर सेफ्टी आणि सिक्युरिटी दोन्ही आलेत, आणि माझ्या हातून दोन्हींचं ‘सुरक्षा’ होतंय. काय करावं?

शब्दवेडा: कृष्णविवराच्या धर्तीवर ‘कृष्णवाहिनी’ करा की. आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही, असा बंदिस्त मार्ग असणार तो. त्या अर्थाने ‘गुप्तवाहिनी’सुद्धा शोभेल.

पॅनेलवाला: आमच्याकडे काळी केबलच नाही, प्रोफिनेटची केबल हिरवी असते. तुमच्या मशीनला वेगळी आहे का? मी तर ई-स्टॉप म्हणजे दोन एनसी कॉन्टॅक्ट, दोन वेगळ्या वायरी आणि सेफ्टी रिले, एवढंच वर्षानुवर्षं करत आलो. इथरनेटवरून ई-स्टॉप नेतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला होता.

नियंत्रक: पॅनेलवाले दादा, केबलच्या रंगाचा इथे संबंध नाही. शब्दवेडा, ‘दिसत नाही’ इथपर्यंत तुम्ही बरोबर आहात, ‘गुप्त’ मात्र नाही. त्या तारेवरून जाणारं सगळं कोणीही वाचू शकतं. प्रश्न आहे तो कोणाला दिसत नाही याचा. सेफ्टीचा हिशोब करताना मधल्या नेटवर्कच्या आत पाहायचंच नाही असं ठरवलेलं असतं. आत स्विच कोणता, चिप कोणाची, केबल किती जुनी, काही विचारायचं नाही. ते बिघडलेलं असू शकतं असं धरूनच चालायचं आणि सगळी तपासणी दोन टोकांना करायची. ‘ब्लॅक बॉक्स’मधला ब्लॅक तो हाच.

पूर्वी सीमेवरचा जवान घरी पत्रं लिहिताना त्यांवर क्रमांक घालायचा. टपाल कुठून कसं येतं हे घरच्यांना कळायचं नाही, पण १४ नंतर १६ आलं की एक हरवलं हे समजायचं. इथे तेच आहे, फक्त जास्त कडक. प्रत्येक निरोपाला चालू क्रमांक, पाठवणारा-घेणारा कोण याची खूण, मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा म्हणजे सीआरसी, आणि ठरल्या वेळात नवा निरोप आलाच पाहिजे म्हणून वेळ मोजणारा वॉचडॉग. प्रोफिनेटवर सेफ्टीचे निरोप नेण्याची जी पद्धत आहे, त्या प्रोफिसेफमध्ये तर हा क्रमांक तारेवरून जातच नाही. दोन्ही टोकं आपापल्या जागी मोजतात आणि सीआरसी काढताना तो हिशोबात धरतात. त्यामुळे जुना निरोप पुन्हा आला किंवा दुसऱ्याच मॉड्यूलचा आला, तर सीआरसी जुळत नाही.

अनुवादिका: पण इथरनेटच्या फ्रेमला स्वतःची तपासणी असते ना? मग पुन्हा वेगळी कशाला?

नियंत्रक: चांगला प्रश्न, ताई. स्विच फ्रेम आत घेतो, मेमरीत ठेवतो आणि बाहेर सोडतो. त्या मेमरीत एखादा बिट पालटला आणि बाहेर पडताना तपासणीचा आकडा नव्याने काढला गेला, तर चुकीच्या मजकुरावर अगदी बरोबर आकडा बसतो. म्हणून सेफ्टीच्या हिशोबात इथरनेटची तपासणी धरतच नाहीत. याउलट मधल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी घ्यायची म्हटली, तर प्रत्येक स्विच सेफ्टीच्या नियमाने बनवून प्रमाणित करावा लागेल. त्याला ‘व्हाइट चॅनेल’ म्हणतात.

पॅनेलवाला: मग माझी एक केस सांगतो. एका कारखान्यात लाइनवर कॅमेरे बसवले आणि त्यांचा डेटा त्याच साध्या स्विचमधून नेला. त्यानंतर लाइन अधूनमधून आपोआप थांबायची. ई-स्टॉप कोणी दाबलेला नसायचा, त्याचं मॉड्यूल पॅसिव्हेट होऊन ‘थांब’ स्थितीत गेलेलं असायचं, आणि अ‍ॅकनॉलेज दिल्याशिवाय पुढे चालायचं नाही. शेवटी एकाने वॉचडॉगचा वेळ, `F_WD_Time`, १५० वरून ६०० मिलिसेकंद केला. त्रास बंद. तुमचं ते चॅनेल एवढं भक्कम, तर थांबायचं का?

नियंत्रक: थांबत होतं म्हणजे ते नेमकं आपलं काम करत होतं. उशीर झालेला निरोप वेळेवर आणणं सेफ्टीच्या थराला शक्य नसतं. तो उशीर ओळखतो आणि मॉड्यूलची किंमत शून्य धरतो, म्हणजे ‘थांब’. काळ्या वाहिनीने मिळते ती सेफ्टी, लाइन चालू राहण्याची हमी मिळत नाही. डायग्नोस्टिकमध्ये नोंद वॉचडॉगची होती की सीआरसीची?

पॅनेलवाला: वॉचडॉगची. सीआरसीची एकही नाही.

नियंत्रक: मग निरोप वाटेत अडकत होते. प्रोफिनेटच्या फ्रेमला अग्रक्रमाची खूण असते, पण साधा स्विच ती मानेलच असं नाही. कॅमेऱ्यांची गर्दी झाली की ई-स्टॉपचा निरोप रांगेत. कॅमेरे वेगळ्या स्विचवर न्या, हा खरा उपाय. आता मला सांगा, त्याच मॉड्यूलवर लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा, आहे का?

पॅनेलवाला: आहे. समोरच.

नियंत्रक: मग ती लाइन आजच बघा. वॉचडॉगचा वेळ सर्वांत वाईट प्रतिसादवेळेत धरावा लागतो, कारण नेटवर्क नेमकं त्याच क्षणी बंद पडलं तर पीएलसी तेवढा वेळ वाट पाहणार. तुम्ही ४५० मिलिसेकंद वाढवले. कर्टनचं अंतर काढताना हात किंवा माणूस सेकंदाला १६०० मिलिमीटर पुढे येतो असं धरतात (अंतर अर्धा मीटरपेक्षा कमी असेल तर २०००). ०.४५ गुणिले १६०० म्हणजे ७२० मिलिमीटर. तो कर्टन जवळजवळ पाऊण मीटर मागे सरकवायला हवा होता. सरकवला?

पॅनेलवाला: नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पुन्हा १५० करतो आणि कॅमेरे काढतो.

नियंत्रक: उद्यावर नको. आजच फोन करून लाइन थांबवायला सांगा.

शब्दवेडा: हे ऐकून ‘गुप्तवाहिनी’ मागे घेतो. ‘अविश्वस्त वाहिनी’ कशी वाटते? विश्वास ठेवायचा नाही, हा गाभा त्यात येतो.

नियंत्रक: ती वाहिनीच दगाबाज आहे असं वाटतं त्यात. ती बहुतेक वेळा चांगलीच चालते, आपण फक्त तिच्यावर भिस्त ठेवत नाही. आणि दगाबाजीपासून हे तंत्र वाचवतही नाही. सीआरसीला गुप्त किल्ली नसते. जाणूनबुजून घुसलेला माणूस पत्ता नि क्रमांक ओळखून बरोबर सीआरसी तयार करू शकतो. तिथे फायरवॉल, वेगळं नेटवर्क, कुलूपबंद पॅनेल हवं. म्हणून ताई, त्या पानावर दोन्हींना ‘सुरक्षा’ लिहू नका. ऑपरेटरला वाटेल की एक केलं की दुसरं आपोआप झालं.

अनुवादिका: म्हणजे सेफ्टीला ‘सुरक्षितता’ आणि सिक्युरिटीला ‘सुरक्षा’?

शब्दवेडा: कागदावर ठीक. बोलताना कोण फरक करतो? लोक दोन्ही एकच समजतात. मी तर ‘अपघातसुरक्षा’ आणि ‘घुसखोरीपासून संरक्षण’ असं सरळ लिहीन.

नियंत्रक: ‘अपघातसुरक्षा’ मला पटतंय. वर्कशॉपमध्ये मात्र सगळे ‘सेफ्टी’च म्हणतात, आणि मॅन्युअल तिथेच वाचलं जाणार.

अनुवादिका: सध्या असं लिहिलंय: ‘ई-स्टॉपचा निरोप साध्या नेटवर्कवरून जातो. हे नेटवर्क बिघडू शकतं असं धरून दोन्ही टोकं प्रत्येक निरोप तपासतात आणि शंका आली की मशीन थांबवतात. या पद्धतीला ब्लॅक चॅनेल म्हणतात.’ शब्द तसाच ठेवला, अर्थ आधी सांगितला.

शब्दवेडा: अर्थ उत्तम उतरलाय. पण मराठी शब्द न करता इंग्रजीच ठेवला, याला माझा विरोध नोंदवा.

पॅनेलवाला: लाइन थांबवलीय. सुपरवायझर चिडलाय, पण टेप घेऊन कर्टनपासून मोजायला गेलाय.