डीसीटी पॉझिटिव्ह आली म्हणून बाळाला खालची रेषा लावायची का?

रात्रपाळी
आई ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह, ३८ आठवडे पूर्ण, वजन २.९ किलो. विसाव्या तासाला बिलिरुबिन ९.७, सव्विसाव्या तासाला ११.८. डीसीटी पॉझिटिव्ह, पण १+ च. आईची आयसीटी गरोदरपणात निगेटिव्ह होती. अमेरिकन अकादमीच्या २०२२ च्या तक्त्यात धोका नसलेल्या बाळाच्या रेषेखाली हे बाळ येतं, धोका असलेल्या रेषेच्या वर जातं. युनिटमध्ये दोन तट पडलेत. एवढ्याशा १+ वर फोटोथेरपी सुरू करावी का?

सावकाश_घ्या
माझं मत, नाही. आई ओ आणि बाळ ए किंवा बी ही जोडी रोज दिसते. त्यातल्या बऱ्याच बाळांची डीसीटी हलकी पॉझिटिव्ह येते आणि त्यातल्या थोड्यांनाच दिवा लागतो. प्रत्येक १+ वर दिवा लावला तर आई आणि बाळ वेगळे होतात, दूध पाजणं मागे पडतं, आणि मग दूध कमी म्हणून बिलिरुबिन आणखी वाढतं. ब्रिटनचं नाइस तर धोका असलेल्या बाळासाठी वेगळी रेषा काढतच नाही. आठवडे आणि तास बघतं. डीसीटीचा अर्थ लावताना प्रतिक्रिया किती जोरदार आहे आणि आईला अँटी-डी दिलं होतं का, हेही बघा असं ते सांगतं. १+ ला तुम्ही ४+ सारखं वागवताय.

वसुधा_प
आईची आयसीटी निगेटिव्ह आहे ना? मग बाळाची डीसीटी खोटीच म्हणायची. शिवाय आई पॉझिटिव्ह, बाळही पॉझिटिव्ह, म्हणजे आरएचचा प्रश्नच नाही.

चौथी_धुलाई
वसुधाताई, आरएचबद्दल तुम्ही बरोबर आहात, आयसीटीबद्दल नाही. आयसीटीत आईचं सीरम ओ गटाच्या पेशींशी लावतात. ओ पेशींवर ए किंवा बी काहीच नसतं, त्यामुळे आईच्या रक्तात अँटी-बी कितीही असलं तरी ती चाचणी निगेटिव्हच येणार. या बाळाबाबत ती निगेटिव्ह येणं म्हणजे डी, सी, केल वगैरेंविरुद्ध काही सापडलं नाही, एवढंच.

सावकाश, १+ कमी का असतं हेही बघा. नवजाताच्या तांबड्या पेशींवर बी प्रतिजन विरळ असतात, म्हणून चिकटलेलं आयजीजीही विरळ. आईचं बरंचसं अँटी-बी बाळाच्या इतर ऊतींवरचं आणि रक्तरसातलं बी शोषून घेतं. त्यामुळे एबीओमध्ये डीसीटी अगदी निगेटिव्ह असूनही पेशी फुटताना दिसतात. फिकी प्रतिक्रिया म्हणजे फिका आजार, हे गणित आरएचमध्ये थोडं तरी चालतं, इथे फारसं नाही.

पण आधी ती १+ खरी आहे का, ते तपासा. नमुना नाळेचा होता का? नाळेतली जेली पेशींना चिकटली तर नुसत्या त्यानेच गुठळ्या दिसतात. ट्यूब पद्धतीत पेशी तीनऐवजी सहा वेळा सलाईनने धुऊन बघा, नाहीतर सरळ बाळाच्या शिरेतून ईडीटीएमध्ये एक मिलि घ्या. तेव्हाही १+ आली तर इल्युएट करा, म्हणजे पेशींवरून अँटीबॉडी सोडवून ती ए, बी आणि ओ पेशींशी लावा. फक्त बी पेशींशी जुळली तर अँटी-बी पक्कं. ओ पेशींशीही जुळली तर गोष्ट वेगळी आहे, आईचं स्क्रीनिंग पुन्हा करा.

रात्रपाळी
नमुना नाळेचाच होता. शिरेतला पाठवला आहे.

निळा_दिवा
तोवर थांबायची गरज नाही, कारण डीसीटीपेक्षा मोठी गोष्ट तुमच्याच आकड्यांत आहे. सहा तासांत २.१ वाढ म्हणजे तासाला ०.३५ मिग्रॅ. पहिल्या चोवीस तासांत तासाला ०.३ आणि त्यानंतर ०.२ इतकी वाढ असली तर पेशी फुटत आहेत असं धरायचं, असं अकादमीच सांगते. इथे दोन्ही मर्यादा ओलांडल्या. या बाळाला खालची रेषा लागते, दिवा आत्ताच लावा. स्मिअर, रेटिक आणि हिमोग्लोबिन त्याच सुईने घ्या. स्मिअरमध्ये गोलसर, मधला फिका भाग नसलेल्या पेशी दिसल्या तर एबीओचा संशय आणखी वाढतो. आरएचमध्ये त्या सहसा दिसत नाहीत.

सावकाश_घ्या
वेगाचा मुद्दा मान्य. या बाळाला मीही लावीन. पण तुम्ही दिवा वेगामुळे लावलात, डीसीटीमुळे नाही. उद्या डीसीटी हीच १+, पण वाढ तासाला ०.१ असलेलं बाळ आलं, तर?

निळा_दिवा
तर अकादमीच्या तक्त्यानुसार खालची रेषाच, कारण तिथे धोक्याच्या यादीत डीसीटी पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, किती प्लस हे विचारत नाहीत. मला स्वतःला ते पूर्ण पटत नाही. पण बिलिरुबिन लगेच, मग चार चार तासांनी दोनदा, मग बारा बारा तासांनी तीनदा, एवढं तरी कराच. तुमच्या ‘सावकाश’मध्ये हे मोजमाप बसत असेल तर आपलं भांडण लहान आहे.

बाबा_ठाणे
आमचंही असंच झालं होतं. पत्नी ए पॉझिटिव्ह, मुलगी बी पॉझिटिव्ह, डॉक्टरांनी रक्तगट जुळत नाही म्हणून कावीळ झाली असं सांगितलं. घरचे म्हणत होते कोवळं ऊन दाखवा. आईचं दूध दिल्याने अँटीबॉडी आणखी जातात का?

चौथी_धुलाई
ए आईचं अँटी-बी बहुतेक आयजीएम असतं आणि ते वारेतून पलीकडे जात नाही. ओ गटाच्या आईत आयजीजी जास्त, म्हणून बहुतेक त्रास ओ आईच्या बाळांना. मुलीची डीसीटी निगेटिव्ह असेल, तर जी-सिक्स-पीडी केली होती का, हे मी आधी विचारेन. फक्त पेशी फुटत असताना केली तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण नव्या पेशींत ते एन्झाइम जास्त असतं. काही महिन्यांनी पुन्हा करावी. दूध थांबवू नका, त्यातून जाणाऱ्या अँटीबॉडीने हे वाढत नाही.

निळा_दिवा
आणि उन्हात ठेवणं हा उपाय नाही. किती प्रकाश मिळाला ते मोजता येत नाही, बाळ तापतं किंवा गारठतं, आणि अशा वेगाने चढणारं बिलिरुबिन उन्हाची वाट बघत नाही.

सावकाश_घ्या
आयव्हीआयजीची घाई मात्र करू नका. काही ठिकाणी डीसीटी पॉझिटिव्ह दिसली की लगेच देतात.

निळा_दिवा
इथे एकमत. नाइस प्रति किलो ५०० मिग्रॅ चार तासांत देते, तेही दिव्याखाली असूनही बिलिरुबिन तासाला ८.५ मायक्रोमोलने, म्हणजे अंदाजे अर्ध्या मिग्रॅने, चढत राहिलं तर. अकादमी रक्त बदलण्याच्या रेषेच्या दोन मिग्रॅ खाली आल्यावर विचार करायला सांगते. फायदा पक्का नाही आणि आतड्याच्या दाहाचा धोका नोंदवला गेला आहे.

रात्रपाळी
शिरेतला नमुनाही १+. स्मिअरमध्ये गोल पेशी आहेत, रेटिक ७ टक्के. दिवा लावला. बत्तिसाव्या तासाला १२.१. दिव्याखाली त्वचेवरचं मीटर चालेल का?

निळा_दिवा
नाही, उजेडाने त्वचा आधी उजळते आणि मीटर कमी दाखवतो. रक्तच घ्या, आणि नळी उजेडापासून झाकून पाठवा. बंद कराल तेव्हा दिवा ज्या रेषेवर लागू झाला तिच्या दोन मिग्रॅ खाली आल्यावर करा, मग सहा ते बारा तासांनी एकदा आणि दुसऱ्या दिवशी परत तपासा.

सावकाश_घ्या
माझा ०.१ वाला प्रश्न उभाच आहे. इल्युएट न करणाऱ्या छोट्या रुग्णालयात १+ वर रेषा कोणती?

चौथी_धुलाई
जेल कार्ड वापरत असाल तर आणखी गुंतागुंत. ट्यूबमध्ये निगेटिव्ह दिसणारं बाळ कार्डावर १+ येऊ शकतं. निदान रिपोर्टवर पद्धत लिहा, आमच्याकडचे निम्मे रिपोर्ट ते लिहीतच नाहीत.