मदत हवी आहे: फॉलोअर्स व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर कसे न्यायचे?

मृणाल_नाशिक
जरा लवकर मदत हवी आहे. परवा खातं उघडलं तर वर पट्टी: तुमच्या पोस्ट नव्या लोकांना दाखवल्या जाणार नाहीत. कारण 'नियमभंग'. कोणता नियम ते लिहिलेलं नाही. अपील केलं, उत्तर नाही. लग्नसराई तोंडावर आहे. उद्या खातंच बंद झालं तर? मला सगळे फॉलोअर्स एकदम व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर घ्यायचेत. कसं करायचं?

भद्रकालीचा_बाब्या
ताई, कुठलं ॲप? किती फॉलोअर्स? विकता काय? की नुसत्या रेसिप्या टाकता? पत्रिका न बघताच लग्न जुळवायला सांगताय.

रील_राजा_सिडको
घाबरू नका. रोज तीन रील टाका, हॅशटॅग बदला, ट्रेंडिंग गाणं लावा. महिनाभरात रीच परत येतो. गॅरंटी.

मृणाल_नाशिक
रीच नकोय हो, लोक हवेत! पैठणी विकते, माल येवल्याहून. दुकान नाही, घरूनच. ॲपचं नाव नको, प्रकरण चालू आहे. फॉलोअर्स चौदा हजार. 'माहिती डाउनलोड करा' करून यादी काढली, तर त्यात नुसती यूजरनेम. नंबर कुठे असतात?

जोशीकाका_सातपूर
नंबर नसतातच. ते ॲप देत नाही, कधी देणारही नाही. सोपा उपाय सांगतो: व्हॉट्सॲप चॅनल काढा, बायोमध्ये लिंक टाका. हवे तेवढे लोक येऊ शकतात, संपलं. माझ्या भजनी मंडळाचं तसंच आहे.

वसुधा_इंदिरानगर
काका, संपलं नाही. चॅनलवरही फॉलोअर्सचे नंबर दिसत नाहीत. म्हणजे एका घरमालकाकडून निघून दुसऱ्याकडे भाड्याने राहायला गेल्यासारखं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा काय झालं आठवा. ज्यांच्याकडे गिऱ्हाईकांचे नंबर होते त्यांचा धंदा चालू राहिला, बाकीच्यांनी शून्यापासून सुरुवात केली.

मृणाल, चौदा हजार विसरा, ते हलणार नाहीत. जे खरेदी करतात किंवा करतील तेवढेच आणायचे. ग्रुप काढू नका, सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि दुसरा साडीवाला आत शिरून एकेकीला मेसेज करतो. ब्रॉडकास्ट लिस्ट घ्या. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, लिस्ट कितीही करता येतात. पण खरी अडचण पुढेच आहे: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. बाकीच्यांना जातच नाही आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना गेला.

म्हणून पहिला मेसेज त्यांच्याकडून यायला हवा. बिझनेस ॲप वेगळ्या सिमवर घ्या, घरच्या नंबरवर नको. मग ही लिंक:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Paithani
```

९१ च्या आधी + नको आणि नंबराआधी शून्य नको, नाहीतर लिंक बिघडू शकते. लिंक दाबली की 'Paithani' लिहिलेला मेसेज तयार येतो, त्यांनी फक्त पाठवायचा. तुम्ही उत्तरात स्वतःचं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा, म्हणजे सेव्ह करायला दोनच टॅप लागतात. वर एक ओळ: "सेव्ह केलं नाही तर नव्या साड्यांचे फोटो पोचणार नाहीत."

भद्रकालीचा_बाब्या
आणि बायकांनी सेव्ह का करावं? माझ्या बायकोच्या फोनमध्ये साडीवाल्यांचे आधीच डझनभर नंबर पडलेत.

वसुधा_इंदिरानगर
बरोबर विचारलंत. नुसतं 'जॉइन करा' म्हटलं तर कोणी येत नाही. हातमागाची पैठणी त्या रंगात आणि त्या काठात बहुतेक एकच असते. तर नवा माल आधी यादीला दाखवा आणि ॲपवर दुसऱ्या दिवशी. जिला ती एकच साडी हवी आहे ती नंबर सेव्ह करते. पण एकदा जरी ॲपवर आधी टाकलंत तर यादीत राहायचं कारण गेलं.

रील_राजा_सिडको
हातमागाची? आजकाल निम्मा माल पॉवरलूमचा असतो. मागची बाजू बघा, सुटे धागे दिसले की समजायचं.

मृणाल_नाशिक
माझा माल हातमागाचाच आहे. हातमागाची पैठणी मागून स्वच्छ असते, सुटे धागे पॉवरलूमला, एवढं मलाही कळतं. विषयावर या. आणि डीएम करून सगळ्यांना लिंक पाठवू का? आज रात्री बसते.

वसुधा_इंदिरानगर
अजिबात नको! आधीच पट्टी आहे. तोच मजकूर, बाहेरच्या लिंकसह, भराभर शेकडो जणांना गेला की स्पॅम म्हणून खातं अडकतं. स्टोरीत लिंक लावा, बायोत ठेवा, एक पोस्ट वर पिन करा. डीएम फक्त ज्यांनी आधी किंमत विचारली होती त्यांना, हाताने, प्रत्येकीला वेगळं लिहून.

आणि कुरियरच्या पावत्या आहेत ना? त्यावर जुन्या गिऱ्हाईकांचे नंबर असतात. तुमची पहिली यादी तीच. पण नंबर साडी पोचवण्यासाठी दिला होता, जाहिरातीसाठी नाही. म्हणून आधी एकेकीला विचारा: "नव्या साड्यांचे फोटो पाठवू का?" 'हो' आलं तरच यादीत. न विचारता पाठवलं आणि चार जणींनी ब्लॉक-रिपोर्ट केलं तर नवा नंबरही जाईल.

देशपांडे_पंचवटी
एवढं सगळं करून पुन्हा एकाच कंपनीच्या हातात? व्हॉट्सॲपसुद्धा नंबर बंद करू शकतं. ईमेल घ्या. ती यादी फाइल म्हणून तुमच्याकडे राहते, कुठल्याही सेवेवर टाकता येते. मी जीमेलवरून बीसीसीत पाठवतो, खर्च शून्य.

वसुधा_इंदिरानगर
मुद्दा पटला, पद्धत नाही. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच जातं आणि बीसीसीत यादीतून बाहेर पडायची सोय नसते. मेल पाठवणाऱ्या सेवेत 'पाठवणारा' म्हणून तुमचा जीमेल पत्ता घातलात तर पत्र स्पॅममध्ये जाण्याचा धोका जास्त, कारण ते जीमेलच्या सर्व्हरवरून गेलेलं नसतं. स्वतःचं डोमेन घ्या, पत्र खरंच तुमच्याकडूनच आलंय हे पटवणाऱ्या SPF आणि DKIM च्या नोंदी सेवा सांगेल तशा त्यात भरा, मगच पाठवा.

देशपांडे_पंचवटी
माझी तर सगळ्यांना पोचतात.

भद्रकालीचा_बाब्या
पोचतात, पण उघडतं कोण? पैठणी घेणारी बाई मेल बघते का? बँकेचा ओटीपी सोडला तर मी कधी उघडत नाही.

देशपांडे_पंचवटी
पुणे-मुंबईच्या, अमेरिकेतल्या बघतात. महागातली साडी त्याच घेतात.

जोशीकाका_सातपूर
बल्क एसएमएस बरा. सिंहस्थात बाहेरचं गिऱ्हाईकही येईल.

वसुधा_इंदिरानगर
काका, त्याला डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी व्यवस्थेत, नोंदणी लागते, मजकुराचा नमुनासुद्धा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. घरून विकणाऱ्या बाईने कुठे त्या भानगडीत पडायचं.

मृणाल, नंबर फोनमध्येच ठेवू नका. शीटमध्ये नाव, नंबर, गाव, कोणता रंग आवडतो, कधी 'हो' म्हणाली एवढं लिहा. देशपांड्यांचं त्यापुरतं बरोबर आहे: तिथेच ईमेलचा एक रकाना ठेवा, देईल तिचा घ्या. व्हॉट्सॲपचा नंबर गेला तरी यादी हातात राहील.

मृणाल_नाशिक
स्टोरी लावून बघितली. सहाशेच्या वर जणींनी बघितली, लिंकवरून मेसेज चाळीसेक आले. इतकेच? कुरियरच्या पावत्यांतून मात्र विचारलं त्यातल्या बहुतेक 'हो' म्हणाल्या. पहिला ब्रॉडकास्ट काल गेला, मोरपंखी रंगातली एक साडी तिथेच ठरली. पण कोणाला पोचला नाही ते कसं कळतं?

वसुधा_इंदिरानगर
त्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि 'माहिती' उघडा. पोचलेल्यांची नावं तिथे दिसतात. दोन दिवसांनी बघा. जिचं नाव तेव्हाही नसेल तिचा फोन बंद असेल नाहीतर तिने नंबर सेव्ह केलेला नसेल. तिला एकटीला साधा मेसेज करून कार्ड पुन्हा पाठवा. एकदाच. तरी नाही झालं तर यादीतून काढा.

मृणाल_नाशिक
नऊ जणी निघाल्या. त्यातल्या दोघी म्हणतात सेव्ह केलंय! मग?

देशपांडे_पंचवटी
म्हणून म्हणतो ईमेल.

वसुधा_इंदिरानगर
त्यांनी नंबर कसा सेव्ह केलाय ते विचारा, स्क्रीनशॉट मागवा. कुरियरच्या पावतीवर तुमचा जुना, घरचा नंबर होता का?

मृणाल_नाशिक
एकीने घरचाच केला होता. दुसरीचं अजून कळत नाही, नंबर बरोबर दिसतोय. कोणाला माहीत असेल तर सांगा. अपीलचं उत्तर अजून नाहीच.