'फटफटी'तली 'फट' नेमकी कुठल्या स्ट्रोकची?

शब्दवेडी: आजोबांकडे जुनी बुलेट होती, पण घरात तिला बुलेट म्हणणारं कुणी नव्हतं. 'फटफटी काढ', 'फटफटीवर बस', एवढंच कानावर पडायचं. आवाजावरून नाव पडलं हे उघड आहे, पण आवाज कशाचा? परवा लेकीला सांगितलं, 'आत पेट्रोलचा स्फोट होतो, त्याचा.' ती म्हणाली, 'स्फोट पुढे इंजिनात होतो, मग आवाज मागच्या नळीतून का येतो?' मला उत्तर देता आलं नाही. सक्शन, कम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट ही चार नावं शाळेपासून पाठ आहेत. त्यातल्या कुठल्या स्ट्रोकला 'फट' वाजते, हे कुणी सांगेल का?

बार्शीकर: पॉवर स्ट्रोक. ठिणगी पडते, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण फुटतं, तो धमाका सायलेन्सरमधून बाहेर येतो. पिस्टनच्या चार धावांत हे एकदाच होतं, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक 'फट'. लेकीला बरोबरच सांगितलंत.

पहाटपक्षी: 'फटफटणे' म्हणजे उजाडणे. आमची आजी 'फटफटलं की उठवते' असं म्हणायची. 'फटफटीत उजेड'ही त्यातलाच. भल्या पहाटे दूधवाले आणि पेपरवाले जी गाडी घेऊन निघायचे ती फटफटी, अशी व्युत्पत्ती असू शकेल का?

शब्दवेडी: शब्द सुरेख आहे, पण मी आवाजाबद्दल विचारत होते. दुधाच्या सायकलीला कुणी फटफटी म्हटल्याचं ऐकलं नाही.

निवृत्त निदेशक: मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घ्यायचो. आमच्याकडे उभं कापलेलं बुलेटचं इंजिन होतं, हाताने क्रँक फिरवला की सगळं डोळ्यांसमोर दिसायचं. मुलांना इंग्रजी नावं लवकर बसत नसत, म्हणून मी चार शब्द फळ्यावर लिहायचो: घे, दाब, पेट, टाक.

बार्शीकरांची मोजणी बरोबर आहे, दोन फेऱ्यांमागे एकच. पण आवाज पेटण्याचा नाही. मिश्रण पेटतं तेव्हा दोन्ही व्हॉल्व घट्ट बंद असतात. आवाजाला बाहेर जायला वाट फक्त सिलिंडरच्या भिंतींतून, आणि ती जाड बिडाची. शिवाय तो स्फोटही नसतो. ठिणगी पिस्टन पार वर पोचण्याआधीच पडते, वेगात असताना साधारण २५ ते ३० अंश आधी, म्हणजे अजून 'दाब' चालू असताना. तिथून ज्योत प्लगपासून कडेपर्यंत सरकत जाते. ३,००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो आणि मिश्रण जळायला ५० अंश धरले, तर जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. या वेळात दाब चढत जातो आणि पिस्टन वरून थोडा खाली सरकला की तो सर्वांत जास्त होतो. पिस्टन ढकलला जातो, फोडला जात नाही. मिश्रण खरंच एकदम फुटलं तर लोखंडावर खडे पडल्यासारखी खडखड येते. त्याला आम्ही नॉकिंग म्हणायचो, आणि ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडायची वेळ येते.

आता 'फट'. पिस्टन ढकलला जाऊन खाली येतोय, अजून तळाला पोचलेला नाही, पॉवर स्ट्रोक संपायला इंजिनागणिक ४० ते ७० अंश बाकी आहेत, तेवढ्यात कॅम एक्झॉस्ट व्हॉल्व उचलायला लागतो. थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या तीन-चार पट असतो. व्हॉल्वखाली आधी केसाएवढीच फट पडते आणि तिच्यातून गरम वायू ध्वनीच्या वेगाने सुटतो. दाब दुपटीच्या खाली येईपर्यंत तो त्याच वेगाने जातो. नळीत जी दाबाची लाट धावते ती तुमच्या आजोबांच्या गाडीची 'फट'. म्हणजे आवाज 'पेट'चा नाही आणि 'टाक'चाही नाही, दोघांच्या सांध्यावरचा आहे.

बार्शीकर: सर, मग व्हॉल्व आधी उघडून अर्धी ताकद फुकट का घालवायची? पिस्टन तळाला पोचला की उघडायचा ना.

निवृत्त निदेशक: मुलंही नेमकं हेच विचारायची. क्रँक तळाजवळ आला की कनेक्टिंग रॉड आणि क्रँक जवळजवळ एका रेषेत येतात. पिस्टनवर कितीही जोर असो, क्रँक फिरवायला तो फारसा उपयोगी पडत नाही. शेवटच्या त्या तुकड्यात मिळणारी ताकद थोडी, पण व्हॉल्व तळाला उघडला असता तर वर जाणाऱ्या पिस्टनला तोच दाब परत ढकलत न्यावा लागला असता. म्हणून थोडं सोडायचं आणि जास्त वाचवायचं. बराचसा जळका वायू स्वतःच्या दाबाने निघून जातो, पिस्टन उरलेला बाहेर लोटतो. 'टाक' ही अर्धीच खरी.

'घे' या शब्दाचीही तीच गत. पिस्टन हवा ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो खाली जाऊन जागा रिकामी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब मिश्रण आत लोटतो. इनलेट व्हॉल्वही पिस्टन वर निघाल्यावरच बंद होतो, कारण वेगात असलेलं मिश्रण आत येतच राहतं. चार नावं पिस्टनच्या चार धावांची आहेत. व्हॉल्व त्या रेषा पाळत नाहीत.

शब्दवेडी: म्हणजे आपली 'फट' ही चीर याच अर्थाची! व्हॉल्वला फट पडते म्हणून 'फट' वाजते.

निवृत्त निदेशक: ताई, जुळतं सुंदर, पण शब्द तिथून आला असं मी म्हणणार नाही. कानाला जे ऐकू आलं त्यावरून नाव पडलं. व्हॉल्व उघडताना कुणी बघितलेला नव्हता.

मात्र जुन्या बुलेटवर हे हाताने पडताळता येतं. डाव्या हाताशी डीकम्प्रेसरचा लिव्हर असायचा. तो दाबला की एक्झॉस्ट व्हॉल्व किंचित उचललेला राहतो. इग्निशन बंद ठेवून किक हळूहळू खाली नेली की एका जागी पाय अडतो, तिथे कम्प्रेशन लागतं. त्या जागी लिव्हर दाबला की सायलेन्सरमधून 'फस्स' येतं. ठिणगी नाही, पेटणं नाही, फक्त दाबलेली हवा त्याच फटीतून निसटली. जळल्यावर दाब किती वाढतो तेवढं डोक्यात आणा, म्हणजे 'फस्स'ची 'फट' कशी होते ते कळेल.

श्टुटगार्टवासी: इथे राहून एक भर घालतो. जर्मनमध्ये फोर-स्ट्रोकला 'फीअरटाक्ट' म्हणतात. 'टाक्ट' म्हणजे संगीतातला ठेका. इंग्रजीत पिस्टनची धाव मोजली, इथे ठोके मोजले. निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये कोलोनजवळच्या डॉइट्झमध्ये हे चक्र चालवून दाखवलं, पण त्यांचं इंजिन कोळशाच्या गॅसवर चालायचं. पेट्रोलवरचं दुचाकी वाहन डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ मध्ये आमच्याच शहराच्या कानष्टाट भागात केलं. एक सिलिंडर, २६४ सीसी, ६०० आरपीएमला अर्धा अश्वशक्ती. दोन फेऱ्यांमागे एक धरली तर मिनिटाला ३००, सेकंदाला ५ फटी. लाकडी चौकटीची फटफटीच ती!

घाटवाट: माझी १०० सीसीची गाडी उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून 'फाट्' असा मोठा आवाज करते. दोनदा, तीनदा, अधूनमधून. फटफटीचीच फट का ही? आमच्या गॅरेजमध्ये कार्बोरेटर दोनदा खोलून झाला, पैसे गेले, आवाज तसाच.

निवृत्त निदेशक: नाही, ही वेगळी. थ्रॉटल बंद करून इंजिन फिरत राहिलं की सिलिंडरमध्ये मिश्रण इतकं कमी येतं की कधी पेटतं, कधी नाही. न पेटलेलं नळीत जाऊन जमतं. नळीच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरत असेल तर ते तिथेच, तापलेल्या नळीत पेटतं. कार्बोरेटरआधी हेडपाशी नळी बसते तिथलं गॅस्केट बघायला हवं होतं. गाडी थंड असताना सुरू करून त्या जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले किंवा जोडाशी काळी काजळी दिसली तर गॅस्केट गेलंय. ते स्वस्त असतं. जोड कोरडा निघाला तर मग मिश्रण पातळ आहे का, ते बघा.

घाटवाट: काजळी आहे! पैसाएवढा काळा डाग, मी आजवर तो चिखल समजत होतो.

पहाटपक्षी: पहाटेचं सोडा, पण एक शंका राहते. मोटारगाडीचं इंजिनही फोर-स्ट्रोक. तिला कुणी फटफटी का म्हटलं नाही?

निवृत्त निदेशक: चांगला प्रश्न. चार सिलिंडरची गाडी ८०० आरपीएमला उभी असते तेव्हा फेरीमागे दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे मिनिटाला १,६००, सेकंदाला २७ च्या आसपास. एवढे ठोके कान वेगळे करत नाही, घरघर ऐकू येते. साधारण विसाच्या पुढे ठोके एकमेकांत मिसळायला लागतात. बुलेट १,००० आरपीएमला उभी असेल तर सेकंदाला आठ, ते सहज वेगवेगळे ऐकू येतात. तीच बुलेट ३,००० ला नेली की २५ होतात आणि फटफट जाऊन एकसलग गर्जना राहते.

बार्शीकर: मग राजदूत? ती तर टू-स्ट्रोक, दर फेरीला एक. आमच्या गावात तिलाही फटफटीच म्हणायचे, आणि उभी असताना फटफट यायचीही. तुमच्या हिशोबाने १,२०० ला सेकंदाला २० व्हायला हव्यात.

निवृत्त निदेशक: टू-स्ट्रोक कमी वेगाला प्रत्येक फेरीला पेटतेच असं नाही. जळका वायू पूर्ण बाहेर जात नाही, त्यामुळे एखादी फेरी रिकामी जाते. म्हणून तिची फटफट तुटक असते. पण राजदूतला ते नाव तिच्या आवाजाने मिळालं, की आधी बुलेटला पडलेलं तिलाही चिकटलं, ते मला ठरवता येत नाही.

शब्दवेडी: आणि उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ बंद असतो ना? मिश्रणच थोडं. मग तीन-चार पट दाब कुठून येणार?

निवृत्त निदेशक: येत नाही. म्हणूनच उभ्या गाडीची फट मऊ असते आणि थ्रॉटल उघडल्यावरची कडक. मऊ फटीतला किती आवाज त्या उरल्यासुरल्या दाबाचा आणि किती नळीच्या लांबीने घुमवलेला, हे बुलेटवाले आजही भांडून सांगतील. सायलेन्सर काढून एकदा ऐका, नळी किती राखते ते लगेच कळतं. फक्त दुपारच्या झोपेच्या वेळी नको.

शब्दवेडी: आजोबांची बुलेट काकांकडे गोठ्याशेजारी उभी आहे. डीकम्प्रेसरची केबल तुटलीय. रविवारी लेकीला घेऊन जाते आणि आधी ती केबल बसवून घेते.